पंखा नसलेल्या रॅकमध्ये कार्डांमधलं अंतर किती ठेवायचं: प्रकल्प नोंदी

3 फेब्रुवारी

काम हातात आलं. उपसा सिंचनाच्या एका पंपगृहासाठी कंट्रोल पॅनेल करायचं आहे, जागा विदर्भात. आधीच्या पॅनेलमध्ये पंखे होते. दोन उन्हाळ्यांत त्यांच्या जाळ्या धुळीने बुजल्या, पंखे जाम झाले आणि आतली इलेक्ट्रॉनिक सर्किटची कार्डं जळली. म्हणून या वेळी अट एकच: पंखा नको. हवा आपोआप खालून वर जाईल, तेवढ्यावरच कार्डं थंड राहिली पाहिजेत.

कार्डं 6U मापाची आहेत, म्हणजे उंची 233 मिमी आणि खोली 160 मिमी. एकूण 14 कार्डं एका सबरॅकमध्ये, म्हणजे कार्डं सरकवून बसवायच्या चौकटीत, उभी बसणार, प्रत्येकी सुमारे 10 वॅट. सबरॅकची रुंदी 84 एचपी. एचपी हे रॅकमधल्या आडव्या अंतराचं माप, 1 एचपी म्हणजे 5.08 मिमी. कार्डांचं अंतर या मापाच्या पटीतच घ्यावं लागतं, मधलं काही मिळत नाही.

पॅनेलच्या आत सबरॅकच्या तळाशी हवा 52 अंशांपर्यंत जाईल असं धरलं आहे (बाहेर 45, अधिक पॅनेलची स्वतःची वाढ). कार्डावर कुठेही 85 च्या वर जायचं नाही. म्हणजे आमच्या हातात 33 अंशांचा फरक आहे.

आमच्या वरिष्ठांचं म्हणणं, "जागा आहे ना, मग 5 एचपी ठेवा. जितकं मोकळं तितकं थंड." मी काही बोलले नाही, कारण माझ्याकडे आकडा नव्हता. तो काढायचा आहे.

4 फेब्रुवारी

आज कागदावरचं काम. दोन उभ्या गरम पाट्यांमधल्या हवेवर पहिला नीट अभ्यास एलेनबास यांनी 1942 मध्ये प्रसिद्ध केला. त्यावरून इलेक्ट्रॉनिक कार्डांसाठी वापरता येतील अशी सूत्रं बार-कोहेन आणि रोझेनाऊ यांनी 1984 मध्ये मांडली. आजही हिशेब त्यांच्याच सूत्रांनी होतो.

सर्वांत सोपी स्थिती आधी घेतली: पाट्या सगळीकडे सारख्याच तापमानाच्या, 70 अंश, आणि हवा 30 अंश. सूत्र असं:

`S_opt = 2.714 · L / Ra_L^0.25`

इथे `L` पाटीची उंची. `Ra_L` हा रेले अंक. गरम हवेला वर ढकलणारा जोर तिच्या चिकटपणावर आणि उष्णता पसरण्याच्या वेगावर किती भारी पडतो ते तो सांगतो. 50 अंशांच्या हवेचे गुणधर्म घालून 233 मिमी उंचीसाठी उत्तर आलं 8.3 मिमी.

म्हणजे 2 एचपी! (10.16 मधून कार्डाची 1.6 मिमी जाडी वजा केली की 8.56 मिमी मोकळी जागा उरते.) वहीत "2 एचपी पुरे" असं लिहून मी घरी गेले.

5 फेब्रुवारी

कालची ओळ खोडली.

रात्री लक्षात आलं की कालच्या सूत्राने मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. त्या सूत्राचा प्रश्न असा: रुंदी ठरलेली आहे, पाट्यांचं तापमान ठरलेलं आहे, तर सर्वांत जास्त उष्णता बाहेर काढायला पाट्या किती अंतरावर लावायच्या? पाट्या हव्या तितक्या घाला. पाट्या जवळ आणल्या की संख्या वाढते, पण प्रत्येकीमधून जाणारी हवा कोंडते. लांब नेल्या की प्रत्येक पाटी मोकळा श्वास घेते, पण पाट्याच कमी बसतात. मधे कुठेतरी एकूण उष्णता सर्वांत जास्त होते, तिथे 8.3 मिमी.

माझा प्रश्न वेगळा आहे. माझी कार्डं 14 च आहेत, एकही वाढणार नाही. शिवाय त्यांचं तापमान ठरलेलं नाही, उष्णता ठरलेली आहे: प्रत्येकी 10 वॅट, मग ते कार्ड कितीही तापो. मला कार्डाचा सर्वांत गरम भाग किती तापेल ते हवं आहे.

ठरलेल्या उष्णतेसाठी सूत्र वेगळं आहे आणि ते पाटीच्या वरच्या कडेचं तापमान देतं. खालून शिरलेली हवा वर जाताना तापत जाते, त्यामुळे कार्डाचा वरचा भागच सर्वांत गरम. हिशेब छोटा आहे, म्हणून इथेच ठेवते:

```python
g, beta, k = 9.81, 1/323, 0.02735
nu, alpha = 1.798e-5, 2.487e-5
L, W, Q, t = 0.233, 0.160, 10.0, 1.6e-3
q = Q / (2*L*W)
P = g*beta*q / (k*nu*alpha*L)
for hp in (2, 3, 4, 5, 8):
    S = hp*5.08e-3 - t
    El = P * S**5
    Nu = (48/El + 2.51/El**0.4)**-0.5
    print(hp, round(S*1000, 1), round(q*S/(k*Nu), 1))
```

यात उष्णता कार्डाच्या दोन्ही बाजूंनी सारखी बाहेर पडते असं धरलं आहे. आमच्या कार्डांत दोन्ही बाजूंना तांब्याचे मोठे पट्टे आहेत, त्यामुळे हे धरणं फार चुकीचं नाही.

उत्तरं पूर्णांकात: 2 एचपीला हवेपेक्षा 46 अंश जास्त, 3 एचपीला 34, 4 एचपीला 31, 5 एचपीला 30 आणि 8 एचपीला 29.

हे आकडे मी बराच वेळ बघत बसले. 2 वरून 3 वर गेलं की 12 अंशांचा फायदा, 3 वरून 4 वर 3 अंश, आणि पुढे जवळपास काहीच नाही. दुसरं कार्ड अनंत अंतरावर नेलं तरी हेच सूत्र 28.8 देतं. कारण कार्डाला चिकटून वर चढणारा गरम हवेचा थर काही मिलिमीटरचाच असतो. दोन समोरासमोरच्या कार्डांचे थर एकमेकांना भिडेनासे झाले की पुढची मोकळी जागा नुसती पडून राहते. उलट थर भिडू लागले की परिस्थिती फार झपाट्याने बिघडते. अरुंद फटीतून त्याच दाबाखाली जाणारी हवा अंतराच्या घनाच्या प्रमाणात बदलते, अंतर निम्मं केलं तर हवा आठव्या हिश्श्यावर येते.

म्हणजे एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पठार आहे. आपल्याला पठारावर, पण कड्यापासून दोन पावलं आत उभं राहायचं आहे.

जाता जाता पहिल्या प्रश्नाचंही उत्तर आमच्या रॅकसाठी काढून ठेवलं. 33 अंशांची मर्यादा धरून सबंध 84 एचपी कार्डांनी भरला तर 2 एचपीला 42 कार्डं मिळून सुमारे 240 वॅट, 3 एचपीला 28 कार्डं मिळून सुमारे 270, 4 एचपीला 21 कार्डं मिळून सुमारे 230, 5 एचपीला 16 कार्डं मिळून सुमारे 180. एकूण उष्णतेच्या दृष्टीने 3 एचपी सरस, एकेका कार्डाच्या दृष्टीने 4 किंवा त्याहून जास्त. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पुढे कुणी "योग्य अंतर किती" असं विचारलं, तर आधी कार्डांची संख्या ठरली आहे का ते विचारायचं.

7 फेब्रुवारी

आता मोजायचं. खरी कार्डं अजून आलेली नाहीत, म्हणून नकली कार्डं बनवून घेतली: एफआर-4 च्या 1.6 मिमी पाटीवर दोन्ही बाजूंनी नागमोडी तांब्याची रेघ. रेघ दीड मिमी रुंद, मधली फट 0.3 मिमी, दोन्ही बाजू मिळून जवळपास 41 मीटर लांबी. थंड असताना रोध 13.5 ओम. वीज सोडली की सगळं कार्ड सारखं तापतं.

या रेघेचा दुसरा उपयोग मला फार आवडतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे व्होल्टेज भागिले करंट केलं की कार्डाचं सरासरी तापमान आपोआप कळतं आणि तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलने काही चुकीचं सांगितलं तर लगेच पकडता येतं. एक काळजी घ्यायची: कार्ड तापलं की रोध वाढतो आणि त्याच व्होल्टेजला वॅट कमी होतात. म्हणून दर पंधरा मिनिटांनी व्होल्टेज थोडं वाढवून पुन्हा 10 वॅटवर आणायचं. स्थिर व्हायला दीड तास लागतो.

थर्मोकपल के प्रकारचे, बारीक तारेचे. कार्डाच्या वरच्या कडेपासून 10 मिमी खाली चिकटवले. तार कार्डावरूनच चार-पाच सेंटिमीटर नेऊन मग बाहेर काढली. सरळ हवेत काढली तर तारच उष्णता ओढून नेते आणि आकडा कमी दिसतो.

8 फेब्रुवारी

सगळं जुळवायच्या आधी एकटं कार्ड टेबलावर उभं करून बघितलं. 10 वॅट, खोलीची हवा 27 अंश. वरची कड 40.5. म्हणजे फरक फक्त 13.5 अंश!

वरिष्ठ बघायला आले होते, खूश झाले. "अहो, मग काळजी कसली? 33 ची मुभा आणि 13 लागतायत." मलाही क्षणभर वाटलं की सूत्रच फार सावधपणाचं आहे.

संध्याकाळी कारण सापडलं: प्रारण. कार्डाचा हिरवा मुलामा उष्णता फेकण्यात फार तरबेज आहे, त्याची उत्सर्जकता 0.9 च्या आसपास. हिशेब केला तर या तापमानांना प्रारणाने दर चौरस मीटरला दर अंशामागे जवळपास 6 वॅट जातात आणि हवेने जेमतेम 4. एकटं कार्ड थंड भिंतींकडे बघत असतं, त्यामुळे त्याची निम्म्याहून जास्त उष्णता हवेला न शिवता भिंतीवर जाते. रॅकमध्ये मात्र ते कार्ड आपल्यासारख्याच गरम शेजाऱ्याकडे बघणार. तो जितकं घेतो तितकंच परत देतो. मधल्या कार्डांसाठी प्रारण जवळपास शून्य.

एकट्या कार्डाच्या मोजणीवर विसंबलो असतो तर हे पॅनेल मे महिन्यात आम्हाला खोटं ठरवणारच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वरिष्ठांना कागदासकट सांगितलं. त्यांनी दोन वेळा आकडेमोड तपासली आणि म्हणाले, "बरं झालं आत्ताच कळलं. पाच कार्डं लावून बघा."

11 फेब्रुवारी

पाच नकली कार्डं, खाचा पाडलेल्या लाकडी चौकटीत. समोरून आणि मागून अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या, कारण रॅकमध्ये समोर फ्रंट पॅनेल आणि मागे बॅकप्लेन असतंच. त्या बाजू उघड्या ठेवल्या तर हवा बाजूनेही आत शिरते आणि आकडे फसवे चांगले येतात. चौकट टेबलापासून 150 मिमी वर उचलली. वाचन फक्त मधल्या कार्डाचं घ्यायचं. कडेची चार कार्डं त्याला खरा शेजार मिळावा एवढ्यासाठीच.

खोलीतला पंखा आणि एसी बंद. पहिल्या वाचनात आकडा दर मिनिटाला दीड-दोन अंश हलत होता, शेवटी शेजारच्या खोलीतल्या एसीचा झोत दाराखालून येतोय असं निघालं. दाराला गोणपाट लावलं, आकडा स्थिर झाला.

मधल्या कार्डाची वरची कड हवेपेक्षा किती गरम: 2 एचपीला 43 अंश, 3 एचपीला 32, 4 एचपीला 29.5, 5 एचपीला 29.

सूत्रापेक्षा सगळीकडे एक ते तीन अंश कमी. खोलीची हवा हिशेबातल्यापेक्षा थंड आहे, त्याचा अर्धा अंश. बाकीचं बहुधा वरच्या-खालच्या उघड्या तोंडांतून निसटणारं प्रारण आणि अ‍ॅक्रिलिकमधून जाणारी थोडी उष्णता. वक्राचा आकार मात्र हुबेहूब तोच: 2 ते 3 मध्ये कडा, 4 नंतर पठार.

रोधावरून काढलेलं सरासरी तापमानही जुळलं. 4 एचपीला सरासरी फरक 25 अंश आला, म्हणजे वरच्या कडेच्या साधारण 85 टक्के. मोकळ्या पाटीवर सारखी उष्णता असेल तर तापमान उंचीच्या 0.2 घातांकाने वाढतं आणि सरासरी वरच्या कडेच्या 83 टक्के यायला हवी. यावरून 4 एचपीला आपण खरोखर मोकळ्या पाटीच्या जवळ आहोत असं दिसतं. 2 एचपीला हेच प्रमाण 68 टक्के आलं, कारण तिथे फटीतली सगळी हवाच एकसारखी तापत वर जाते.

12 फेब्रुवारी

5 एचपीचा विषय आज संपवला. 14 कार्डं 5 एचपीने लावली तर 70 एचपी जातात, उरतात 14. पॉवर सप्लायला 24 लागतात. म्हणजे काही कार्डं वरच्या दुसऱ्या सबरॅकमध्ये न्यावी लागतील.

आणि वरच्या सबरॅकला खालच्याची वापरलेली हवा मिळते. परवा 4 एचपीला दोन कार्डांमधून वर निघणारी हवा मोजली होती, आत शिरताना होती त्यापेक्षा 17 अंश गरम. मधे काही आडवं घातलं नाही तर वरच्या कार्डांची सुरुवातच 17 अंश वरून. अर्ध्या अंशासाठी 17 अंश मोजायचे! मधे तिरपा पत्रा घालून खालची गरम हवा मागे काढता येते आणि पुढून ताजी हवा वरच्याला देता येते. पण त्याला 2U, म्हणजे जवळपास 89 मिमी उंची लागते. ती या पॅनेलमध्ये नाही.

4 एचपी ठरलं. 14 कार्डांना 56, पॉवर सप्लायला 24, चार एचपी शिल्लक. वरिष्ठांनी सही केली.

20 फेब्रुवारी

खरा सबरॅक आला. तीच नकली कार्डं त्यात 4 एचपीने लावली, बाकी खाचांतही तितकीच गरम कार्डं. पॅनेलच्या आत, खाली केबल ट्रे, जशी शेवटी असणार तशी.

मधलं कार्ड 39 अंश.

बाकावर 29.5 आणि इथे 39. कार्डं तीच, वॅट तेच, अंतर तेच. आधी थर्मोकपलवर शंका घेतली, पण तांब्याचा रोधही वाढलेलाच दिसत होता. म्हणजे कार्ड खरोखरच गरम आहे.

21 फेब्रुवारी

वर निघणाऱ्या हवेचं तापमान मोजलं: आत शिरणाऱ्या हवेपेक्षा 24 अंश जास्त. बाकावर 17 होतं. यातच उत्तर आहे. 10 वॅट नेणारी हवा 17 अंश तापत असेल तर तिचं प्रमाण सेकंदाला 0.58 ग्रॅम. 24 अंश तापत असेल तर 0.41 ग्रॅम. म्हणजे हवाच तीस टक्के कमी येतेय. कुठेतरी वाट अडली आहे.

वर्कशॉपमधल्या मामांनी अगरबत्ती आणून दिली. बाकावरच्या चौकटीखाली धूर धरला की तो दोन कार्डांमध्ये सरळ ओढला जायचा. इथे केबल ट्रेखाली धरला तर ट्रेच्या कडेने बाहेर पसरत होता, थोडाच वर जात होता. मामा खाली वाकून बघत म्हणाले, "ताई, खालून श्वासच घेता येत नाहीये याला."

सबरॅकचं खालचं झाकण छिद्रांचं आहे, 40 टक्के उघडं. त्याखाली फक्त 20 मिमीवर केबलने भरलेली ट्रे. पंखा असता तर या झाकणाचा कुणी विचारही केला नसता. पण इथे हवा हलवणारा जोर किती ते काढून बघितलं. कार्डाच्या उंचीएवढ्या गरम हवेच्या स्तंभाचं आणि बाहेरच्या हवेचं वजन, यांतला फरक: सुमारे 0.07 पास्कल. पाण्याच्या एका मिलिमीटर उंचीचा दाब 9.8 पास्कल. म्हणजे आमच्याकडे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी पाण्याएवढा जोर आहे.

त्या जोराने हवा सेकंदाला 18 सेंटिमीटर जाते. फटीतल्या घर्षणात 0.03 पास्कल जातात, आत शिरण्या-निघण्यात बाकीचे. हिशेब जवळपास जुळतो, वर खर्चायला काहीच उरत नाही. अशा पातळ छिद्रांच्या 40 टक्के उघड्या पत्र्याला हवेच्या गतिज दाबाच्या सात-आठपट तोटा सहज होतो. 18 सेंटिमीटर वेगाला तो एकटाच 0.14 पास्कल झाला, म्हणजे एकूण जोराच्या दुप्पट. मग हवा मंदावते, मंदावली की जास्त तापते, तापली की जोर थोडा वाढतो आणि कुठेतरी नवा समतोल होतो. तो समतोल म्हणजे 39 अंश.

अंतराच्या अर्ध्या अंशावर आम्ही आठवडाभर चर्चा केली आणि खालच्या पत्र्याने साडेनऊ अंश खाल्ले.

24 फेब्रुवारी

छिद्रांचा पत्रा काढून 70 टक्के उघडी तारेची जाळी लावली. केबल ट्रे सबरॅकखाली 60 मिमीवर नेली आणि केबल दोन बाजूंना बांधून मधली वाट मोकळी केली. वरच्या झाकणालाही तीच जाळी.

मधलं कार्ड 31 अंश. वर निघणारी हवा 18 अंश जास्त. अगरबत्तीचा धूर पुन्हा सरळ वर.

नुसती जाळी बदलून ट्रे होती तिथेच ठेवली तर 34.5 येत होते, तेही नोंदवून ठेवते. जोडणी करताना कुणी ट्रे "जरा वर घेऊ" म्हणालं, तर हा आकडा दाखवायचा.

धुळीचा प्रश्न इथे येतोच. बारीक जाळी धूळ अडवते आणि हवाही अडवते. पंखा नसल्याने आत ओढली जाणारी धूळ खूप कमी आहे, तरी पॅनेलच्या दारावरच्या लूव्हरमागे मोठ्या क्षेत्रफळाचा फिल्टर ठेवायचा ठरवलं. क्षेत्रफळ मोठं म्हणजे तिथला वेग कमी, आणि त्यामुळे तोटाही कमी. सबरॅकच्या तोंडाशी मात्र काहीही घालायचं नाही.

3 मार्च

खऱ्या कार्डांवर रिले, कपॅसिटर, छोटे ट्रान्सफॉर्मर आहेत, काही 10 मिमी उंच. 18.7 मिमीच्या फटीतून 10 वजा केले तर उरतात 8.7, आणि तो थेट कडा आहे, 2 एचपीची स्थिती. पण सगळं कार्ड काही 10 मिमी उंच नाही. खरा आकडा 31 आणि 46 च्या मधे कुठेतरी पडणार, तो मोजूनच कळेल.

10 मिमी उंच लाकडी ठोकळे नकली कार्डांवर चिकटवले. आधी ले-आऊटमध्ये रिले आहेत तसे: खालच्या कडेजवळ एका आडव्या ओळीत, कार्डाच्या पूर्ण खोलीभर. 37 अंश आले. मग तेच ठोकळे, तितकेच, दोन उभ्या ओळींत लावले, मधली वाट मोकळी. 33 अंश.

आडवी ओळ हवेला तोंडाशीच गाठते आणि सगळ्या फटीची रुंदी तिथे निम्मी होते. उभ्या ओळी फटीचे समांतर बोळ करतात, हवा त्यांमधून वर जाते. ले-आऊट करणाऱ्या सहकाऱ्याशी बोलले. तिने रिले उभ्या ओळीत घ्यायचं मान्य केलं आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वरच्या कडेवरून खालच्या अर्ध्यात आणले. वरची कड सर्वांत गरम आणि ते कपॅसिटर उष्णतेला सर्वांत हळवे. आधीच्या ले-आऊटमध्ये ते नेमके वर होते.

तरीही 33. मर्यादा 33. आणि हे 27 अंशांच्या खोलीत. 52 अंशांच्या हवेत ती विरळ होते, चिकटपणा वाढतो. हिशेबाने अजून एक अंश वाढेल.

5 मार्च

अंतरातून आता काही मिळणार नाही, वाटही मोकळी झाली. उरतं ते वॅट.

पठारावर तापमानाचा फरक उष्णतेच्या 0.8 घातांकाने बदलतो. उष्णता 15 टक्के कमी केली तर फरक 12 टक्के कमी. आमच्या आकड्यात चार अंश. 4 वरून 5 एचपीला जाऊन जे मिळत होतं त्याच्या आठपट.

कार्डावर 24 वरून 5 व्होल्ट करायला दोन टप्पे आहेत आणि दुसरा टप्पा लिनिअर रेग्युलेटरचा आहे. तो एकटा दीड वॅटच्या वर जाळतो. तिथे फार कमी वॅट जाळणारा बक कन्व्हर्टर घातला तर कार्ड साडेआठ वॅटवर येतं. महाग पडतो, पण कार्डामागे खर्च किती ते वरिष्ठांनी विचारलं, मी सांगितला. त्यांनी 33 चा कागद पुन्हा बघितला आणि मान डोलावली.

9 एप्रिल

खरी कार्डं आली, पॅनेल पूर्ण जुळलं. चाचणीच्या बंद खोलीत हीटर लावून हवा 45 वर नेली, सहा तास ठेवली. फिल्टर लावलेला, दार बंद.

सबरॅकच्या तळाशी हवा 51. मधल्या कार्डांपैकी सर्वांत गरम सातवं, वरची कड 81. फरक 30. कडेची दोन कार्डं 74 आणि 75, पॅनेलच्या पत्र्याकडे बघतात त्यामुळे थोडी सुखात. कपॅसिटर सर्वांत वाईट जागी 72.

मग फिल्टरचा अर्धा भाग कागदाने झाकून बघितला, धूळ बसल्यासारखं. तळाची हवा 53 झाली, सातवं कार्ड 83. चालेल. पाऊण भाग झाकला तेव्हा 87 झाले. म्हणून फिल्टर साफ करण्याची मुदत हंगामातून दोनदा अशी लिहून दिली आणि सातव्या कार्डावर 84 अंशांचा इशारा लावला, तो पंपगृहातल्या दिव्यावर येईल.

ड्रॉइंगमध्ये तीन ओळी लाल अक्षरांत घातल्या: कार्डांचं अंतर 4 एचपी, सबरॅकखाली केबल ट्रे 60 मिमीपेक्षा जवळ नको, वर-खाली छिद्रांच्या पत्र्याऐवजी 70 टक्के उघडी जाळी. मामांनी तिसऱ्या ओळीखाली स्वतःच्या हाताने आणखी एक घातली: सबरॅकवर रिकामी जागा दिसली तरी तिथे काही ठेवू नये.